इटालियन पेटंटचा सारांश भाषांतरित करताना

इटालियन भाषेत लिहिलेला पेटंट अर्ज युरोपीय पेटंट कार्यालयात दाखल करता येतो, पण दोन महिन्यांच्या आत त्याचे इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन भाषांतर द्यावे लागते. अर्जातल्या दाव्यांवरून हक्काची सीमा ठरते. सारांश फक्त तांत्रिक माहितीसाठी असतो. तो शक्यतो १५० शब्दांत बसावा, अशी अपेक्षा असते आणि हक्काची व्याप्ती ठरवताना तो विचारात घेतला जात नाही. तरीही पुष्कळदा तो पहिल्या दाव्यावरूनच तयार केलेला असतो, म्हणून त्याच्या भाषांतरकारालाही दाव्याची भाषा यावी लागते.

चुलीवरच्या मोका कॉफीपात्राचा एक कल्पित सारांश घेऊ: ‘पाण्याचे भांडे (१), गाळणी (२) आणि वरचे भांडे (३) यांचा समावेश असलेले कॉफीपात्र, ज्याचे वैशिष्ट्य असे की, उक्त पाण्याच्या भांड्याला (१) किमान एक सुरक्षा झडप (४) आहे.’ यातल्या ‘वैशिष्ट्य असे की’साठी इटालियनमध्ये ‘कारात्तेरिद्झातो दाल फात्तो के’ हा ठरीव वाक्प्रयोग आहे. त्याच्या आधी येते ते सहसा पूर्वीपासून ज्ञात, नंतर येते ते नवे. वाक्य सुबक करण्याच्या नादात झडप अलीकडे सरकली, तर तीही जुनीच असल्यासारखी वाचली जाते.

‘समावेश असलेले’ म्हणजे ‘कोम्प्रेन्देन्ते’. या शब्दाने यादी उघडी राहते. पात्राला आणखी एखादा भाग असला तरी चालतो. ‘कोस्तितुइतो दा’ हा शब्दप्रयोग अधिक त्रासदायक आहे. तो ‘एवढ्याच भागांचे बनलेले’ असा बंद अर्थ देऊ शकतो, पण काही लेखक तो सैलपणे वापरतात. इंग्रजीत बंद अर्थाचा शब्द निवडला, तर एक भाग जास्त असलेले स्पर्धकाचे पात्र दाव्याबाहेर जाऊ शकते. अशा वेळी पूर्ण वर्णन वाचावे, आणि तरीही उलगडा झाला नाही तर पेटंट वकिलाला लेखी विचारावे. अंदाज करू नये.

लिंगाचा प्रश्न याहून सहज नजरेआड होतो. पाण्याचे भांडे म्हणजे ‘काल्दाया’, हे स्त्रीलिंगी. गाळणी म्हणजे ‘फिल्त्रो’, हे पुल्लिंगी. ‘काल्दायात बसवलेला फिल्त्रो, दाब सोसण्यास योग्य’ अशा रचनेत ‘योग्य’साठीचा शब्द ‘आत्ता’ असेल तर भांडे दाब सोसते, ‘आत्तो’ असेल तर गाळणी. इंग्रजी विशेषणाला लिंग नसल्याने हा भेद पुसला जातो; तिथे नाम पुन्हा लिहिणे हाच सुरक्षित मार्ग. मराठीत मात्र ‘दाब सोसणारे’ की ‘दाब सोसणारी’ एवढ्यावर काम भागते.

तपासणी आकड्यांवरून करावी. (१) जिथे जिथे येतो तिथे भागाचे नाव तेच असले पाहिजे. ‘भांडे’, ‘टाकी’ असे पर्याय वापरले की दोन वेगळे भाग असल्याचा भास होतो. प्रत्येक ‘उक्त’चा भाग आधी नमूद झालेला असावा, आणि ‘किमान’ कुठेही गळलेला नसावा. त्रुटी राहिलीच, तर युरोपीय प्रक्रियेत मूळ इटालियन मजकुराशी जुळवून भाषांतर दुरुस्त करता येते. मूळ मजकुरात नसलेली गोष्ट मात्र त्या वाटेने घालता येत नाही.