लोगो बदलला, पण पाकीट कोणाचं?

प्रश्न : मी पॅकेजिंग डिझाइनची कामं घेते. मागे एका मसाला कंपनीसाठी गरम मसाल्याचं पाऊच केलं होतं. आता दुसऱ्या, मोठ्या कंपनीकडे काम मागायला जायचंय. जुन्या फाइलमधला लोगो काढून तिथे या कंपनीचा लोगो टाकला आणि नमुना म्हणून दाखवला, तर ट्रेडमार्कची भानगड होईल का?

उत्तर : नव्या लोगोपुरतं विचारत असाल, तर सहसा नाही. आपल्याकडे 1999 चा ट्रेडमार्क कायदा आहे. त्याच्या 29 व्या कलमात ट्रेडमार्कचा भंग कधी होतो ते सांगितलंय. सोप्या भाषेत, दुसऱ्याचं चिन्ह धंद्यात असं वापरलं की पाहणाऱ्याने ते मालाची ओळख म्हणूनच घ्यावं, तर भंग होतो. तुमच्या पाऊचमध्ये मसाला भरला जाणार नाही, ते दुकानात टांगलं जाणार नाही. ते पाहणार कोण, तर त्या लोगोच्या मालकाचीच माणसं. स्वतःचा लोगो पाहून त्यांची काय फसगत होणार? तरी प्रत्येक पानावर ‘प्रस्तावित नमुना, कंपनीने मागवलेला नाही’ एवढं ठळक लिहा.

माझ्या मते खरी भानगड लोगोच्या खाली आहे. कायद्याच्या व्याख्येत चिन्ह म्हणजे फक्त नाव किंवा लोगो नव्हे. वेष्टन आणि रंगांची जुळणीही त्यात येते. 2003 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात कोलगेट आणि अँकर यांचा वाद गेला होता, दंतमंजनाच्या डब्याच्या लाल-पांढऱ्या रंगसंगतीवरून. दोन्ही नावं एकमेकांच्या जवळपासही जात नाहीत. तरीही न्यायालयाने अँकरला तशी रंगसंगती वापरण्यास अंतरिम मनाई केली, कारण गिऱ्हाईक नाव वाचण्याआधी डब्याचं एकूण रूप ओळखतं.

तुमच्या फाइलकडे याच नजरेने पाहा. समजा पाऊचवर वर मरून पट्टा आहे, खाली हळदी रंग, मधोमध तुम्ही काढलेला खलबत्ता आणि मसाला दिसावा म्हणून पानाच्या आकाराची खिडकी. लोगोचा लेयर बंद केला तरी हे सगळं जागच्या जागी राहतं. आता लोगोची जागा अंगठ्याने झाका आणि नेहमी मसाला विकत घेणाऱ्या एखाद्या बाईंना विचारा, हे कोणाचं? त्यांनी जुन्या कंपनीचं नाव घेतलं, तर नुसता लोगो बदलून भागणार नाही. ‘कुठलं तरी मसाल्याचं पाकीट’ असं उत्तर आलं, तर ट्रेडमार्कची चिंता बरीच कमी. लाल मिरचीचं चित्र मसाल्याच्या धंद्यात सगळेच वापरतात. त्यावर एकट्याचा हक्क सांगणं कठीण.

आता तो खलबत्ता. तो ट्रेडमार्कचा नव्हे, कॉपीराइटचा प्रश्न. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून काढला असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर हक्क मालकाचा. स्वतंत्र काम करणाऱ्याचं असं चित्र सहसा त्याचंच राहतं, पण लेखी करार करून हक्क दिलेला नसेल तरच. पैसे मिळाले की सही करून आपण विसरतो. तो कागद आता शोधा. सर्व हक्क कंपनीला दिल्याचं वाक्य त्यात असेल, तर तुमचीच रेघ तुम्हाला परक्यासाठी पुन्हा वापरता येत नाही. गोपनीयतेचं कलमही बघून घ्या.

नमुना बंद खोलीत राहतो तोवर हे सगळं सौम्य असतं. तोच इन्स्टाग्रामवर ‘आमचं नवं काम’ म्हणून टाकला, किंवा वेबसाइटवर ग्राहकांच्या यादीत त्या बड्या कंपनीचा लोगो लावला, की गोष्ट बदलते. मग तो लोगो तुमच्या धंद्याची जाहिरात करतोय. नामांकित चिन्हाचा गैरफायदा घेणारी जाहिरात याच 29 व्या कलमात येते, आणि न केलेलं काम केल्याचं भासवणं हा वेगळा खोटेपणा. पोर्टफोलिओत ठेवायचंच असेल, तर कल्पित ब्रँड तयार करा. मात्र तसं नाव आधीच कोणी नोंदवलंय का, हे ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं.

सगळ्यात मोठी अडचण मात्र पिच यशस्वी झाली की येते. मॅनेजर म्हणतो, ‘हेच आवडलं, छपाईची फाइल पाठवा.’ तोवर नमुना असलेलं पाऊच आता बाजारात जाणार. जुनी कंपनी दावा लावेल तो नव्या कंपनीवर. आणि डिझाइन पूर्णपणे स्वतंत्र असल्याची हमी, शिवाय दावा झाल्यास भरपाई, अशी कलमं डिझायनरशी होणाऱ्या करारात बरेचदा असतात. म्हणजे नोटीस त्यांच्या पत्त्यावर आली, तरी खर्च तुमच्याकडून मागितला जाऊ शकतो. म्हणून होकार आला की पट्टा, रंग, खिडकी आणि खलबत्ता नव्याने करायचे, आणि तो वेळ पहिल्याच दरपत्रकात धरायचा.