‘सिली मिस्टेक’ नेमकी कुठली? महिन्याच्या वर्कशीटवरून पालकांना चिठ्ठी लिहिताना

महिनाअखेरीस शिकवणीतून पालकांना जाणाऱ्या चिठ्ठीत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘हुशार आहे, पण धांदरटपणा करते.’ पालक ते वाचतात, मुलीला ‘लक्ष देऊन कर’ असं बजावतात आणि पुढच्या महिन्यात तेच वाक्य पुन्हा जातं. काय चुकतं, कुठे चुकतं आणि घरी काय करायचं, यातलं काहीच त्या वाक्यात नसतं. मोबाईलमध्ये साठलेल्या वर्कशीटच्या फोटोंतून मात्र हे बरंचसं शोधता येतं. कसं, ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा, सातवीतली एक मुलगी आपल्याकडे गणिताला येते. या महिन्यात बैजिक राशींची बेरीज-वजाबाकी चालू आहे. बैजिक राशी म्हणजे 5x + 3 यासारखी, अक्षर आणि अंक मिळून झालेली मांडणी. जोडीला थोडी शाब्दिक उदाहरणं आहेत. आठवड्याला तीन वर्कशीट, प्रत्येकात दहा गणितं. ती घरी सोडवते आणि आई रात्री व्हॉट्सॲपवर फोटो पाठवते. महिनाभरात १२ वर्कशीट, म्हणजे १२० गणितं जमली.

सुरुवात फोटो लावून घेण्यापासून करा. चॅटमध्ये वर-खाली करत चुका मोजू नका. एक पान दोनदा मोजलं जातं, एखादं निसटतं. फोटो एका अल्बममध्ये घ्या आणि त्यांना वर्कशीटच्या क्रमाने नंबर द्या. फोटो आला ती वेळ म्हणजे गणित सोडवल्याची वेळ नव्हे, हेही ध्यानात असू द्या. तीन दिवसांची पानं आई रविवारी एकदम पाठवत असेल, तर ‘ही रात्री उशिरा, पेंगत अभ्यास करते’ असा निष्कर्ष त्यावरून काढता येणार नाही.

मग प्रत्येक फोटो वाचता येतो का ते बघा. इथे एक फसगत फार होते. मुलीने फिक्या पेन्सिलीने काढलेलं वजाचं चिन्ह वहीच्या आखीव रेघेवर पडलं, की फोटोत ते रेघेत विरघळून जातं. आपल्याला 3x 7 दिसतं, आपण चिन्हाची चूक धरतो आणि वहीत तिने 3x − 7 असं व्यवस्थित लिहिलेलं असतं. पानाची खालची कड कापली गेली असेल तर शेवटची ओळ, म्हणजे उत्तराचं एकक, दिसतच नाही. शंका आली की मूळ वही मागवा. वहीही मिळाली नाही तर ते गणित मोजणीतून सरळ वगळा. आपल्या उदाहरणात अशी आठ गणितं बाजूला ठेवली, ११२ उरली. त्यांतली ३१ चुकली आहेत.

आता या ३१ गणितांचं उत्तर पाहू नका, वरून एकेक ओळ वाचत या. पहिली चुकीची ओळ सापडली की थांबा आणि तिथेच खूण करा. त्याखालचं सगळं त्या एका चुकीमुळे बिघडलेलं असू शकतं. एका चुकीच्या तीन चुका मोजल्या, तर मुलगी आहे त्याहून कच्ची वाटू लागते. ऑस्ट्रेलियातल्या ॲन न्यूमन यांनी १९७० च्या दशकात शाब्दिक गणितातल्या चुका शोधण्यासाठी पाच पायऱ्या मांडल्या: प्रश्न वाचणं, तो समजणं, रीत निवडणं, रीत पार पाडणं आणि उत्तर लिहिणं. पाय पहिल्यांदा कुठे घसरला, एवढंच आपल्याला नोंदवायचं आहे.

नोंद करताना ‘निष्काळजी’ हा शब्द वापरू नका. जे डोळ्यांना दिसतं तेच लिहा. ‘४७ चे ७४ उतरवले’, ‘रुपये लिहिले नाहीत’, ‘कंस सोडवताना चिन्ह चुकलं’, अशा शब्दांत. अशी यादी केल्यावर आपल्या ३१ चुकांचे गट पडतात. १३ ठिकाणी वजाबाकीचा कंस सोडवताना चिन्ह चुकलं आहे, सातांत प्रश्नातली संख्या उतरवताना चूक आहे, सहांत उत्तराचं एकक राहिलं आहे. उरलेल्या पाच चुकांत काही समान धागा नाही. त्या सोडून द्या.

आकडे नुसते असे ठेवले तर दिशाभूल करतात. चूक होण्याची संधी किती वेळा आली होती, हे शेजारी लिहायला हवं. संख्या उतरवायचं काम ११२ गणितांत होतं, त्यांतल्या सातांत चुकलं. कंसाबाहेर वजा असलेली गणितं मात्र सगळी मिळून १८ आणि त्यांतली १३ चुकली. हा फरक नजरेत भरण्याजोगा आहे.

या टप्प्यावर बहुतेक जण एक गोष्ट करत नाहीत, ती जरूर करा: बरोबर आलेली गणितंही पाहा. १८ पैकी जी पाच बरोबर आली, त्या पाचही गणितांत कंसाच्या आत फक्त अधिक चिन्हं आहेत. जी १३ चुकली, त्या प्रत्येकात कंसाच्या आत कुठेतरी वजा आहे. एक गणित जवळून बघू.

(5x + 3) − (2x − 4)

तिने पुढची ओळ अशी लिहिली आहे:

5x + 3 − 2x − 4 = 3x − 1

खरं तर −4 वजा करायचे म्हणजे 4 मिळवायचे. म्हणून ती ओळ 5x + 3 − 2x + 4 अशी हवी आणि उत्तर 3x + 7. आता कंसात (2x + 4) असतं तर काय झालं असतं? तिने 5x + 3 − 2x − 4 लिहिलं असतं, आणि ते बरोबर ठरलं असतं. म्हणजे ‘कंसाबाहेर वजा असला की आतलं सगळं वजा होतं’ असा एक नियम तिने मनाशी धरला आहे आणि ती तो अगदी इमानेइतबारे पाळते आहे. तिच्या पाच बरोबर उत्तरांमागेही तोच चुकीचा नियम आहे. याला धांदरटपणा म्हणणं तिच्यावर अन्याय आहे, कारण लक्ष दुप्पट दिलं तरी ती हेच लिहील.

अंदाज कितीही पक्का वाटला तरी तपासून घ्या. चुकलेल्या गणितांतली पाच कंसाची आणि पाच संख्या उतरवण्याची गणितं कोऱ्या कागदावर द्या. जुनं उत्तर दाखवू नका, कुठे चुकलं तेही सांगू नका. उतरवण्याची पाचही बरोबर आली, तर ती खरोखर नजरचूक आहे: येत होतं, हातून निसटलं. कंसाच्या पाचांतली चार पुन्हा तशीच चुकली, तर तिथे समजुतीतच गोंधळ आहे. पाचव्या गणिताशी ती अडखळली, खोडून बरोबर लिहिलं, पण का बदललं ते सांगता आलं नाही, तर तेही आलं असं धरू नका.

ही गणितं सोडवताना तिला मोठ्याने बोलायला सांगा आणि आपण गप्प बसा. ‘इथे वजा आहे ना, मग दोन एक्स वजा झाले. आणि चार तर आधीच वजा आहेत, ते तसेच राहिले.’ एवढं ऐकलं की पुढचं निदान करायला नको. मध्येच दुरुस्त करण्याचा मोह आवरणं अवघड जातं, पण आपण टोकलं की ती आपला चेहरा बघून उत्तर बदलते आणि तिचा मूळ विचार आपल्याला कळत नाही.

नजरचुकीलाही कारण असतं, ते फोटोंतच शोधा. उतरवण्याच्या सातही चुका सहाव्या गणितापुढच्या आहेत. वर्कशीट उलटवून पाहिलं तर ती गणितं कागदाच्या मागच्या बाजूला छापलेली. मुलगी वही कागदावर ठेवून लिहिते, प्रत्येक वेळी कागद उचलून उलटा करते आणि आकडे लक्षात ठेवून उतरवते. इथे उपाय आपल्याच हातात आहे: पुढच्या महिन्यापासून छपाई एकाच बाजूला करा.

आता चिठ्ठी. ती मोबाईलवर एका नजरेत वाचून व्हावी एवढीच ठेवा. पालकांना बीजगणित येत असेलच असं धरू नका, आणि त्यांना एकच काम सांगा. तीन कामं सांगितली की एकही होत नाही. टक्के, वर्गातल्या दुसऱ्या मुलांशी तुलना, ‘असंच चाललं तर दहावीला जड जाईल’ अशी भाकितं, यातलं काही नको. साधारण अशी लिहिता येईल:

‘नमस्कार ताई. या महिन्यातली १२ वर्कशीट मी तपासली. वाचता आली अशी ११२ गणितं होती, त्यांतली ८१ बरोबर आहेत. बेरजेच्या गणितांत ती पायऱ्या न गाळता लिहिते, त्यामुळे चूक लगेच सापडते. दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, कंसाबाहेर वजा आणि कंसातही वजा असेल, तर तिचं चिन्ह चुकतं. हा धांदरटपणा नाही. नियम समजण्यात गोंधळ झाला आहे. तो मी क्लासमध्ये पुन्हा शिकवते आहे, त्यासाठी तिला रागावू नका. दोन, काही ठिकाणी आकडे उतरवताना चुकले. ती नजरचूक आहे आणि त्यासाठी मी वर्कशीटची छपाई बदलते आहे. घरी आपण एकच करा: कंसाचं गणित झालं की “पडताळा घेतलास का?” एवढं विचारा. पडताळा कसा घ्यायचा ते तिला शिकवलं आहे. उत्तर तपासायची आपल्याला गरज नाही. दोन आठवड्यांनी अशीच दहा गणितं देऊन काय फरक पडला ते कळवते.’

पडताळा म्हणजे प्रश्नात आणि उत्तरात x च्या जागी एकच संख्या ठेवून दोन्हीकडे सारखं येतं का ते बघणं. वरच्या गणितात x = 3 ठेवा. प्रश्नात 18 − 2, म्हणजे 16 येतात. तिच्या 3x − 1 या उत्तरात 8 येतात, म्हणून ते चूक. 3x + 7 मध्ये 16 येतात. x = 1 मात्र घेऊ देऊ नका, कारण एकाचा वर्गही एकच असल्याने x आणि x² यांतली गफलत त्यात लपून जाते.

एककाच्या सहा चुका चिठ्ठीत घातल्या नाहीत, त्या क्लासमध्ये बोलून सुटण्यासारख्या आहेत. महिन्याला दोनच गोष्टी, हे पथ्य पाळलेलं बरं.

चिठ्ठी पाठवण्याआधी मुलीला वाचून दाखवा. आपल्याबद्दल आईला काय सांगितलं जातं आहे हे तिला आधी कळलं, तर घरी ती बचावात्मक होत नाही. कधीकधी ती एखादी दुरुस्तीही सुचवते: ‘त्या दिवशीचं वर्कशीट दादाने सांगून लिहून घेतलं होतं.’ तसं असेल तर ते पान मोजणीतून काढा आणि आकडे पुन्हा मांडा. मगच चिठ्ठी पाठवा, आणि ती आईच्या नंबरवर. पालकांच्या ग्रुपवर कधीही नाही.

दोन आठवड्यांनी द्यायच्या दहा गणितांत पाच कंस आतून अधिक चिन्हांचे आणि पाच वजा असलेले, असे मिसळून ठेवा. नुसते वजाचेच दिले तर ‘कंसातलं शेवटचं पद नेहमी अधिक होतं’ असा नवा चुकीचा नियम ती बनवेल, आणि दहाही उत्तरं बरोबर आल्यामुळे आपल्याला ते कळणारही नाही.