नेब्युलायझरची वाफ गार का लागते?

दम्याचा त्रास असलेल्या लहान मुलाला घरी नेब्युलायझर लावला की दोन-तीन मिनिटांत आईच्या हाताला औषधाची वाटी गार लागू लागते. मास्कमधून येणारे धुकेही थंडच असते. मग आजी म्हणते, "अगं, आधीच त्याची छाती भरलीय, त्यात हे बर्फासारखं कशाला देतेस? बंद कर ते." औषध अर्धे वाटीतच राहते आणि मशीन बंद होते. बालरुग्ण विभागात हा प्रकार इतक्या वेळा ऐकू येतो की ही गारवा नेमकी येते कुठून, हे एकदा नीट समजून घेतलेले बरे.

बारावीचे भौतिकशास्त्र आठवणारे वडील यावर एक उत्तर देतात. मोठा थेंब फोडून त्याचे बारीक थेंब केले की पृष्ठभाग वाढतो. पृष्ठभाग वाढवायला ऊर्जा लागते, ती द्रवातूनच घेतली जाते आणि म्हणून द्रव थंड होतो. पुस्तकातल्या या गणितात चूक काहीच नाही. पण वाटीतला गारवा त्यातून येतो का, हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही.

साल्ब्युटामॉलची एक छोटी प्लॅस्टिकची कुपी साधारण 2.5 मिलीची असते. हे सगळे औषध म्हणजे एकच गोल थेंब आहे असे समजू. त्याचा व्यास सुमारे 17 मिलिमीटर भरेल, म्हणजे मोठ्या बोराएवढा, आणि पृष्ठभाग जेमतेम 9 चौरस सेंटिमीटर. नेब्युलायझर या थेंबाचे 4 मायक्रॉन व्यासाचे तुषार करतो. प्रत्यक्षात सगळे तुषार एकसारखे नसतात, पण फुप्फुसात खोलवर पोहोचायला 1 ते 5 मायक्रॉनच्या आसपासचा आकार लागतो. मोठे थेंब घशातच बसतात आणि फार बारीक थेंब बरेचसे श्वासाबरोबर परत बाहेर जातात.

व्यास सुमारे 4,200 पट लहान झाला की तुषारांची संख्या 4,200 चा घन होते, म्हणजे जवळजवळ 7,500 कोटी. एकूण पृष्ठभाग मात्र 4,200 पटच वाढतो. तरीही तो होतो पावणेचार चौरस मीटर, म्हणजे चाळीसेक चौरस फूट. अर्ध्या चमच्याएवढ्या औषधाने डबल बेडच्या गादीएवढा पृष्ठभाग व्यापला.

आता या पसरण्याची किंमत. पाण्याचा पृष्ठताण पाहता एक चौरस मीटर नवा पृष्ठभाग तयार करायला 0.072 ज्यूल ऊर्जा लागते. औषध जवळपास पाणीच असल्याने पावणेचार चौरस मीटरला 0.27 ज्यूल लागतील. एवढ्या ऊर्जेत हेच अर्धा चमचा औषध तीन-चार मजले वर उचलता येईल, त्यापलीकडे काही नाही. एक मिली पाणी एक अंशाने थंड व्हायला 4.2 ज्यूल काढून घ्यावे लागतात, म्हणजे 2.5 मिलीला 10.5. ही सगळी ऊर्जा औषधातूनच घेतली गेली असे धरले तरी तापमान उतरेल 0.026 अंशाने. तापमापीत ही घट दिसणारही नाही. शिवाय नेब्युलायझरमध्ये थेंब फोडण्याचे काम कॉम्प्रेसरची जोरात सुटणारी हवा करते, त्यामुळे बराचसा खर्च तीच उचलते. अगदी काटेकोर हिशेबात आकडा थोडा सरकतो, पण तो अंशाच्या शतांशांतच राहतो. फोडण्याने एक पूर्ण अंश गारवा यायचा, तर तुषार 0.1 मायक्रॉनचे, म्हणजे विषाणूएवढे करावे लागतील.

वाटीतले औषध मात्र खोलीच्या तापमानापेक्षा दहा अंशांनी किंवा त्याहूनही जास्त थंड होऊ शकते. हा गारवा बाष्पीभवनाचा, माठातल्या पाण्याचा असतो तोच. गादीएवढ्या पसरलेल्या पृष्ठभागावरून मिनिटाला सहा-सात लिटर हवा वाहते आणि जाताना पाण्याची वाफ घेऊन जाते. रुग्णालयातल्या पाइपमधला ऑक्सिजन तर पूर्ण कोरडा असतो. दहा मिनिटांत अर्धा मिली पाणी जरी वाफ होऊन गेले, तरी त्याला सुमारे 1,200 ज्यूल लागतात, म्हणजे थेंब फोडण्याच्या खर्चाच्या चार हजारपटींहून जास्त. ही सगळी उष्णता औषधाकडे नसतेच; हवा, वाटीचे प्लॅस्टिक आणि धरणारा हातही ती पुरवतात. म्हणून हाताला गार लागते. नोझलमधून सुटणारी हवा प्रसरणामुळे थोडी थंड होते, त्याचीही भर पडते.

याचा पडताळा मशीनमध्येच मिळतो. बारीक छिद्रांच्या जाळीचा, म्हणजे मेश प्रकारचा नेब्युलायझर जवळपास तेवढेच तुषार करतो, पण त्यात औषधावर हवेचा झोत सोडलेला नसतो. त्याची वाटी अशी गार पडत नाही. अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये तर औषध उलट तापते, कारण कंपनांची बरीच ऊर्जा उष्णता बनते. बुडेसोनाइडसारखी गढूळ औषधे अल्ट्रासॉनिकमध्ये वापरत नाहीत, कारण त्यातले कण नीट तुषारात जात नाहीत. हवामानाचाही फरक पडतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत विदर्भात घरचा कॉम्प्रेसर वापरला तर वाटी चांगलीच थंड होते, जुलैत मुंबईत ती जेमतेम गार लागते. मशीन बिघडले असे समजण्याचे त्यात कारण नाही. धुके विरळ पडले आणि वेळ नेहमीपेक्षा खूप जास्त लागू लागला, तर मात्र हवेचा फिल्टर, नळी आणि नोझल तपासावे.

गारव्यामुळे सर्दी वाढत नाही. एवढे बारीक तुषार श्वासनलिकेत पोहोचेपर्यंत ऊबदार होतात. दम्याच्या एखाद्या रुग्णाला थंड हवेने खोकला येतो हे खरे. अशा वेळी वाटी तळहातात धरून ठेवावी. औषध 25 अंशांवरून 10 अंशांवर आले की जवळजवळ दीडपट घट्टसर होते आणि धुके कमी पडते, तेही हाताच्या उबेने सुधारते. वाटीत गरम पाणी घालणे किंवा औषध गॅसवर कोमट करणे मात्र नको.

खरी लक्ष द्यायची गोष्ट वेगळी आहे. पाणी उडून जाते, औषध उडत नाही. म्हणून वाटीत उरलेले औषध हळूहळू तीव्र होत जाते, आणि शेवटी साधारण एक मिली वाटीच्या कडांना चिकटून राहतेच. सुरुवातीला फक्त 2.5 मिली घातले असेल तर औषधाचा 40 टक्के किंवा त्याहून जास्त भाग तिथेच अडकतो. सलाइन घालून 4 मिली केले तर हा वाटा बराच कमी होतो, म्हणून डॉक्टर सलाइन मिसळायला सांगतात. ते निर्जंतुक नॉर्मल सलाइनच असावे. शुद्ध पाण्याच्या किंवा नळाच्या पाण्याच्या तुषाराने दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका उलट आकसू शकतात.

मशीन फुरफुरू लागले की वाटीला टिचकी मारावी, म्हणजे कडांवरचे थेंब खाली येतात आणि पुन्हा थोडे धुके निघते. टिचकी मारूनही फुरफुर थांबली नाही, की त्या वेळचे औषध संपले असे समजावे.