‘होणार नाही’ कुणी ऐकलेच नाही

त्या बुधवारी पावसात अकरा माणसे एका बंद दारासमोर उभी होती. कुटुंबप्रार्थना त्या घरी व्हायची होती, पण घरातले आजोबा दवाखान्यात दाखल झाले होते आणि प्रार्थना रद्द झाली होती. तशी सूचना मी स्वतः रविवारी, उपासनेआधी, मंडळीसमोर वाचली होती. अकराही जण त्या रविवारी चर्चमध्ये हजर होते. त्यांतल्या एका मावशी मला म्हणाल्या, “दादा, तुम्ही तर सांगितलं ना, बुधवारी साडेसातला म्हणून!”

घरी येऊन मी कागद काढला. वाक्य असे होते : “येत्या बुधवारी संध्याकाळी साडेसात वाजता होणारी कुटुंबप्रार्थना काही अपरिहार्य कारणामुळे होणार नाही.” व्याकरणात चूक नव्हती आणि सगळी माहितीही होती. तरीही मावशींनी ऐकले ते बरोबरच ऐकले होते. बुधवार, साडेसात, कुटुंबप्रार्थना, एवढे कानावर पडले की मराठी माणसाला पुढचे आपोआप कळते. आणि आपल्या भाषेत ‘नाही’ येते सगळ्यात शेवटी. वाचणाऱ्याचा श्वास तिथे संपत आलेला असतो, आवाज खाली उतरतो, त्यात आमचे चर्च जुन्या दगडी बांधणीचे आणि उंच छताचे. आधीच्या शब्दाचा घुमारा विरायच्या आत पुढचा शब्द त्यात मिसळतो. ‘होणार नाही’मधला ‘नाही’ पाचव्या बाकापर्यंतही पोचत नाही.

तेव्हापासून रद्द झालेल्या कार्यक्रमाची सूचना मी उलटी लिहितो. “रद्द झाल्याची सूचना. बुधवारची कुटुंबप्रार्थना रद्द आहे. बुधवारी कुणीही येऊ नये.” यात वेळ सांगायचीच नाही. साडेसात हा आकडा उच्चारला की तो लक्षात राहतो आणि माणूस साडेसातला निघतो.

मंडळीच्या पंच कमिटीत सेक्रेटरीचे काम करताना सूचना वाचणे हे सगळ्यात किरकोळ काम मानले जाते. उपदेशाची तयारी पाळकसाहेब आठवडाभर करतात आणि गायनाचा सराव शनिवारी होतो. सूचना मात्र दारात हातात पडलेल्या चिठ्ठ्यांवरून वाचल्या जातात. प्रत्येक चिठ्ठीचे अक्षर वेगळे असते आणि प्रत्येकीत काहीतरी राहिलेले असते. कुणी वार लिहितो पण तारीख विसरतो, कुणी जागा लिहीत नाही. म्हणून माझा पहिला नियम असा की दुसऱ्याची चिठ्ठी तशीच्या तशी वाचायची नाही. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत आलेले सगळे मी एका कागदावर माझ्या अक्षरात, मोठ्या टाइपाएवढे, एकाच बाजूला उतरवून काढतो. कागद उलटायची वेळ आली की मागची बाजू राहून जाते, हे मी दोनदा केले आहे. लिहायला बसण्याआधी मागच्या रविवारचा कागद समोर घेतो. विसरल्या जातात त्या सूचना बहुतेक नव्या नसतात. ‘पुढच्या रविवारी पुन्हा सांगू’ असे म्हणून सोडलेल्या असतात.

क्रम कसा लावायचा हे एका रविवारचा कागद घेऊन सांगतो. नोव्हेंबरची ९ तारीख होती. माझ्याकडे आठ गोष्टी आल्या होत्या : महिला मंडळाची शनिवारची सभा, बुधवारची प्रार्थना रद्द, २३ तारखेला सुगीचा सण, दुसऱ्या गीतात बदल, एका विवाहाची दुसरी घोषणा, शुक्रवारपासून तरुण संघाचा कॅरलचा सराव, उपासनेनंतर लगेच संडेस्कूलच्या शिक्षकांची छोटी बैठक, आणि आदल्या रात्री वारलेल्या एका आजींचा दफनविधी, त्याच दिवशी दुपारी चारला.

पूर्वी मी आलेल्या क्रमाने वाचायचो, नाहीतर आधी कमिटीचे, मग महिला मंडळाचे, मग तरुणांचे. ऐकणाऱ्याला कमिटी आठवत नाही, वार आठवतो. म्हणून आठवड्यातल्या सूचना सोमवार ते रविवार अशाच ओळीने. त्या रविवारी बुधवार, शुक्रवार, शनिवार आणि मग दोन आठवड्यांनी येणारा २३ तारखेचा रविवार, असा हा मधला भाग झाला.

सुरुवातीला दुसऱ्या गीताचा बदल ठेवला. उपासना सुरू व्हायला पाच मिनिटे असताना लोक अजून येत असतात, चपला काढत असतात, ‘उपासना संगीत’ची पाने चाळत असतात. त्या मिनिटाला महत्त्वाचे काही सांगितले तर ते वाया जाते. गीताचा क्रमांक सांगितला की सगळे आपोआप पुस्तकात बघतात आणि गप्प होतात. शिवाय एखाद्याने तो ऐकला नाही तरी शेजारी दाखवतो.

मग विवाहाची घोषणा. ही सूचना बाकीच्यांसारखी नाही. १६६२ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात तीन वेगवेगळ्या रविवारी विवाहाची घोषणा करण्याची प्रथा लिहिलेली आहे. हरकत घ्यायला मंडळीला खरी संधी मिळावी, हा तिचा हेतू. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यातही विवाहाची लेखी नोटीस चर्चमध्ये दिसेल अशा जागी लावण्याची तरतूद आहे. म्हणून ठरलेले शब्द जसेच्या तसे वाचायचे, ‘आपल्या सगळ्यांना माहीतच आहे’ असे म्हणून आटोपायचे नाही. वधूवरांची पूर्ण नावे, गावे, आणि ही घोषणा पहिली, दुसरी की तिसरी, हे सगळे स्पष्ट सांगायचे. नावे शनिवारी घरच्यांना फोन करून विचारतो. मुलीचे नाव तिच्याच लग्नाच्या घोषणेत चुकले तर कितीही माफी मागा, ती त्या कुटुंबाला कायम आठवते. ही घोषणा मी आठवड्याच्या सूचनांच्या आधी ठेवतो, कारण शेवटी येणाऱ्या दुःखाच्या बातमीपासून ती दूर असावी.

दुःखाची बातमी मात्र नेहमी सगळ्यांत शेवटी. फार वर्षांपूर्वी एका मंडळीत मी ऐकले होते, निवेदकाने एका तरुण माणसाच्या मृत्यूची सूचना वाचली आणि त्याच सुरात पुढे सहलीचे पैसे कुणाकडे द्यायचे ते सांगितले. त्याची विधवा बहीण दुसऱ्या बाकावर बसली होती. त्या क्षणी तिचा चेहरा मी पाहिला. मृत्यूच्या सूचनेनंतर कागदावर काहीच राहता कामा नये. ती वाचायची, दोन श्वासांएवढे थांबायचे आणि कागद घडी करून खाली यायचे. मग ती बातमी उपासनेच्या प्रार्थनेत आपोआप मिसळते. आजाऱ्यांची नावे तिच्या आधी. तिथे फक्त नाव आणि ‘प्रार्थनेची विनंती’ एवढेच. आजार कोणता, हे घरच्यांनी सांगायला सांगितले असेल तरच.

एवढे करूनही त्या कागदावर दोन गोष्टी अडकल्या. शिक्षकांची बैठक आणि दफनविधीची वेळ. दोन्ही उपासनेनंतरच्या. उपासनेआधी सांगितलेली गोष्ट दीड तास, तीन-चार गीते आणि एक उपदेश ओलांडून टिकायची असते. वार-तारीख टिकते, कारण ती लिहून घेता येते. ‘उपासनेनंतर लगेच थांबा’ टिकत नाही. म्हणून मी पाळकसाहेबांच्या वेदीवरच्या कागदावर दोन ओळी वेगळ्या लिहून दिल्या, आणि त्यांनी आशीर्वादाच्या आधी एकेक वाक्य सांगितले. रोमन कॅथलिक मिस्सामध्ये सूचनांची जागाच शेवटी, समापन आशीर्वादाच्या आधी आहे. वसईकडच्या माझ्या मित्राला आमची आधी वाचायची पद्धत नवलाची वाटते. अशा सूचनांपुरते त्याचे म्हणणे मला पटते.

आता प्रत्येक सूचना आतून कशी असावी. आधी कुणासाठी आहे ते सांगायचे आणि थांबायचे. “महिला मंडळाच्या सर्व बहिणींसाठी.” एवढ्याने ज्यांचे काम आहे त्या वर बघतात. मग काय, मग वार, तारीख, वेळ, जागा, आणि शेवटी वार आणि वेळ पुन्हा एकदा. “महिला मंडळाच्या सर्व बहिणींसाठी. मासिक सभा शनिवारी, १५ तारखेला, दुपारी साडेतीन वाजता, चर्चच्या हॉलमध्ये. शनिवार, दुपारी साडेतीन.”

मराठीत तीन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. ‘परवा’ म्हणजे गेलेला दिवसही आणि येणाराही. ‘पुढच्या रविवारी’ असे रविवारीच सांगितले तर अर्धे लोक आठ दिवस धरतात, अर्धे पंधरा. आणि ‘एकोणीस’ व ‘एकोणतीस’ लाऊडस्पीकरवर सारखेच ऐकू येतात. म्हणून वार आणि तारीख नेहमी जोडीने सांगायची, एक चुकले तर दुसरे सावरते. सुगीच्या सणाची सूचना मी अशी वाचली : “रविवार, २३ नोव्हेंबर. आजपासून दोन आठवड्यांनी. बाजरी, तूर, भाजी, जे शेतात आणि घरात आहे ते सकाळी नऊपर्यंत आणावे.”

वेगाचे म्हणाल तर मी घड्याळ लावून पाहिले आहे. गप्पा मारताना मी मिनिटाला दीडशे शब्द सहज बोलतो. सूचना वाचताना शंभरच्या आसपास राहिलो तर मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या माणसांना लिहून घेता येते. हा वेग प्रत्येक शब्द ओढून साधायचा नाही, दोन सूचनांच्या मध्ये थांबून साधायचा. वाक्याच्या शेवटी आवाज पडू द्यायचा नाही. मी शेवटच्या शब्दाआधी मुद्दाम श्वास घेतो. माईक एक वीत लांब. सगळे मिळून चार मिनिटे. त्याहून जास्त झाले तर एखादी सूचना फलकावर लावून फक्त ‘फलकावर वाचावे’ म्हणतो.

उभे राहताच पहिले वाक्य, “आज सात सूचना आहेत.” शिक्षकांची बैठक आशीर्वादाआधीसाठी ठेवली, म्हणून आठाच्या सात झाल्या. हा आकडा माझ्यासाठीच असतो. कागदाच्या कोपऱ्यात तोच लिहिलेला असतो, वाचली की पेन्सिलीने खूण करतो, आणि सातवी खूण झाल्याशिवाय खाली उतरत नाही. ऐन वेळी हातात आलेली नवी चिठ्ठी वाचायची असेल तर आधी ती कागदावर उतरवायची, कोपऱ्यातला आकडा बदलायचा. तेवढा वेळ नसेल तर ती पाळकसाहेबांकडे, आशीर्वादाआधीसाठी.

उपासना संपली की मी दाराशी उभा राहतो. कोण येऊन काय विचारते, ते पाहतो. त्या रविवारी तिघांनी विचारले, कॅरलचा सराव कुणाच्या घरी. मी ‘तरुण संघाच्या नेहमीच्या जागी’ असे वाचले होते, आणि नव्याने आलेल्या मुलांना नेहमीची जागा माहीत नव्हती. घरी जाऊन त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढले. पुढच्या शनिवारी कागद लिहायला बसलो तेव्हा तिथे घराचा पत्ता आणि जवळची खूण, पाण्याच्या टाकीशेजारी, असे लिहिले.