घोरणं मध्येच थांबतं तेव्हा

घोरण्याची तक्रार घोरणारा सहसा करत नाही, शेजारी झोपणारं माणूस करतं. डॉक्टरांनाही त्याचीच साक्ष हवी असते. आवाज किती मोठा, यापेक्षा तो मध्येच बंद पडतो का, हे त्यांना विचारायचं असतं.

समजा, ठाण्यातला पंचेचाळिशीचा एक टेम्पोचालक आहे. रात्री दहा ते पाच झोपतो, तरी दुपारी सिग्नलला त्याचे डोळे मिटतात. सकाळी डोकं जड, घशाला कोरड, रात्री दोनदा लघवीला उठणं. गोळ्या वाढवूनही बीपी आटोक्यात नाही. बायको सांगते, ‘‘घोरता घोरता एकदम गप्प होतात, मग गुदमरल्यासारखे दचकतात.’’

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. अरुंद वाटेतून हवा जाताना टाळू थरथरतो, तेच घोरणं. वाट पुरती मिटली की आवाज थांबतो आणि श्वासही. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू क्षणभर जागा होऊन घसा उघडतो. झोपणाऱ्याला याचा पत्ताच नसतो. यालाच स्लीप अॅप्निया म्हणतात. या चालकाच्या तपासणीत सात तासांत असे 168 अडथळे दिसले, तर ते तासाला 24 झाले. तासाला पाचाच्या आत असतील तर काळजी नसते. 15 ते 30 म्हणजे मध्यम आजार.

प्रत्येक घोरणं इथवर जात नाही. श्वास अडकत नसेल, तर काही आठवडे कुशीवर झोपून पाहावं. उताणं झोपल्यावर जीभ मागे घसरते. बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात चेंडू ठेवण्याची युक्ती ओबडधोबड आहे, पण अनेकांना लागू पडते. संध्याकाळची दारू बंद करावी, कारण ती घसा आणखी सैल करते. झोपेच्या काही गोळ्याही तेच करतात. त्यांबद्दल डॉक्टरांना विचारावं. नाक चोंदत असेल तर त्यावर इलाज करावा. जास्त वजन दहा टक्क्यांनी उतरलं, तर अडथळे साधारण पाव हिश्शानं घटतात.

श्वास थांबताना कुणी पाहिलं असेल किंवा गाडी चालवताना डुलकी लागत असेल, तर मात्र हे प्रयोग करत बसू नये. डुलकी लागते तोवर गाडीही चालवू नये. दिवसाची पेंग मोजायला डॉक्टर एपवर्थ प्रश्नावली देतात: आठ प्रसंग, प्रत्येकी 0 ते 3 गुण. बेरीज दहाच्या वर गेली तर कारण शोधायला हवं. अडचण एवढीच, की नोकरी जाण्याच्या भीतीनं चालक शून्यावर शून्य लिहितात. बायकांचं वेगळंच. पाळी गेल्यावर त्यांच्यातही हा आजार वाढतो, पण त्या घोरण्याऐवजी थकवा आणि तुटक झोप सांगतात, आणि सारं खापर घरकामावर फुटतं. रक्तक्षय, थायरॉइड हीही थकव्याची कारणं असू शकतात, म्हणून रक्ततपासणी सोबत होतेच.

तपासणी पुष्कळदा घरीच होते: बोटाला चिमटा, नाकाशी बारीक नळी, छातीला पट्टा, एक रात्र. लक्षणं ठळक असून निकाल साफ आला, तर प्रयोगशाळेत झोपून सविस्तर तपासणी करतात. उपचारात मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र मुख्य; कॉलिन सुलिव्हन यांनी ते 1981 मध्ये सिडनीत मांडलं. यंत्र नकोसं होण्याचं कारण बहुधा मास्कच असतो. तो गळत वा टोचत असेल, तर यंत्र माळ्यावर टाकण्याआधी मास्कचं माप बदलून घ्यावं.