केस गळायला लागले की काय करावं : मैत्रिणीला पत्र

प्रिय सखी,

‘तुझ्यासाठी नेमकं काय करू?’ असं तू परवा फोनवर विचारलंस, तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते.

मला दिलं जाणारं डॉक्सोरुबिसिन हे औषध रंगाने लालभडक असतं. वेगाने वाढणाऱ्या पेशींवर ते हल्ला करतं. गाठीतल्या पेशी तशा असतात, तशाच केसांच्या मुळातल्याही. म्हणून केस जातात. पहिल्या डोसनंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांत गळती सुरू होईल, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि तसंच झालं. पण केस गळायच्या आधी डोकं दुखरं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वेणी नुसती ओढली गेली तरी मुळाशी ठणका लागायचा, उशीवर कूस बदलणं नकोसं व्हायचं. मग एके सकाळी फणीतून गुंतवळ निघालं ते थांबेचना. न्हाणीघरातली जाळी तुंबली, जेवणाच्या ताटात केस सापडू लागले.

त्या दिवसांत सगळ्यात जास्त उपयोग झाला तो केस बारीक करून घेण्याचा. लांब केस गळताना एकमेकांत अडकतात आणि दुखऱ्या डोक्याला ओढ बसते. बारीक केस गळले तर हाताने झटकता येतात. मी ते ट्रिमरने करून घेतले, वस्तऱ्याने नाही. केमोत पांढऱ्या पेशी कमी होतात, त्यामुळे वस्तऱ्याची छोटी जखमही चिघळू शकते. डोक्यावर पुवाचे फोड आले किंवा ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर वाट न बघता हॉस्पिटलला फोन करायचा. तूही हे लक्षात ठेव. तू माझ्याकडे असशील तेव्हा कदाचित तुलाच तो फोन करावा लागेल.

सासूबाईंना मात्र हे फार जड गेलं. केशवपन केलेली आत्या त्यांनी लहानपणी घरात पाहिली आहे. माझं डोकं बघून त्या आत निघून गेल्या. त्यांचा राग येण्यासारखं त्यात काहीच नाही. तू आलीस की त्यांच्याजवळही थोडं बस.

विगचं विचारशील, तर तो केस जाण्याआधी घेणं बरं. दुकानदाराला आपल्या केसांचा रंग आणि भांग बघता येतो. मी कृत्रिम धाग्यांचा घेतला. तो हलका असतो, धुवायला सोपा असतो आणि मानवी केसांच्या विगपेक्षा स्वस्तही. पण गॅसजवळ तो घालायचा नाही, कारण उष्णतेने धागे आक्रसतात. शिवाय उकाड्यात घाम येतो आणि डोकं खाजतं. म्हणून विग फक्त लग्नकार्यापुरता, घरात सुती टोपी. बाहेर जाताना जुन्या सुती साडीचा मीटरभराचा चौकोन त्रिकोणी दुमडून कपाळावरून बांधते आणि गाठ मानेमागे घेते. रेशमी स्कार्फ दिसतो छान, पण केस नसले की सरकत राहतो. तुझ्याकडे आईंच्या जुन्या, मऊ पडलेल्या साड्या असतील तर एखादी घेऊन ये.

कांद्याचा रस, जास्वंदीचं तेल, आयुर्वेदिक लेप मात्र आणू नकोस. औषध चालू असताना मुळंच काम थांबवून बसलेली असतात, त्यांना तेलाने जाग येत नाही. नाजूक झालेल्या त्वचेवर कांदा लावला तर आगच होते. डोकं गार ठेवून गळती कमी करणारी टोपी असते, पण ती पहिल्या सलाइनच्या आधीच घालावी लागते. माझ्या औषधावर तिचा परिणामही तुलनेने कमी मिळतो.

पुढच्या औषधाने भुवया आणि पापण्याही विरळ होतील, असं कळलंय. पापण्या गेल्या की डोळ्यांत धूळ जाते, सतत पाणी येतं. साध्या काचांचा चष्मा त्यावर चांगला. नाकातले केस गेले की नाकही वाहतं, तेव्हा रुमाल जवळ ठेवायचा. मी रडतेय असं वाटलं, तर आधी विचार.

आणि हो, ‘केसच तर आहेत, परत येतील’ असं म्हणू नकोस. उपचार संपल्यावर बहुतेकींना एक-दोन महिन्यांत बारीक लव दिसू लागते, हे मला ठाऊक आहे. तेवढे महिने आरशात मला कोण दिसणार, एवढंच मला कुणाला तरी सांगायचं असतं. तू फक्त ऐक.

पुढची केमो मंगळवारी आहे. त्यानंतरचे दोन-तीन दिवस मी पडूनच असते. शुक्रवारनंतर ये, साडी आण, आणि दोन वेळच्या भाजीची जबाबदारी घे.

तुझी,
मी