एक पत्ता, तीन कारकून

समजा, एका शाळेने प्रवेशाच्या चौकशीसाठी एकच ई-मेल पत्ता छापला आणि उत्तरं देण्याचं काम तीन कारकुनांकडे दिलं. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये तो पत्ता वितरण यादी म्हणून केला, तर आलेल्या पत्राची प्रत तिघांच्याही इनबॉक्समध्ये पडते. यादीकडे स्वतःचं काहीच साठत नाही. एकाने उत्तर दिलं, तर ते साधारणपणे त्याच्या व्यक्तिगत पत्त्यावरून जातं आणि इतर दोघांना कळतही नाही. मग पालकाला दोन वेगवेगळी उत्तरं मिळतात, किंवा एकही मिळत नाही. शिवाय नवी यादी बाहेरच्यांची पत्रं मुळातच नाकारते. ती मुभा मुद्दाम द्यावी लागते.

गटाला उपनाम जोडलं, तर फक्त दुसरं दार उघडतं. पत्र त्याच सभासदांकडे जातं, वेगळे अधिकार नाहीत.

अशा कामाला माझ्या मते सामायिक मेलबॉक्सच हवा. पत्र एकाच जागी राहतं, नव्या कारकुनालाही जुनी पत्रं दिसतात. मात्र वाचण्याचा आणि त्या पत्त्यावरून पाठवण्याचा अधिकार वेगवेगळा असतो. दुसरा राहिला, तर उत्तर परत येतं. आणखी एक खोच म्हणजे पाठवलेलं उत्तर मुळात पाठवणाऱ्याच्याच सेंट फोल्डरमध्ये जातं. त्याची प्रत सामायिक मेलबॉक्समध्येही राहावी म्हणून प्रशासकाला हे करावं लागतं:

```
Set-Mailbox pravesh -MessageCopyForSentAsEnabled $true
```